एकर-गुंठ्यांत लिहिलेले क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणताना

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या पाणीवापर संस्थेची सभासद नोंदवही जुनी आणि हस्तलिखित आहे. तिच्यात प्रत्येक सभासदाचे भिजणारे क्षेत्र एकर, गुंठे आणि कुठे कुठे आणे अशा मापांत लिहिलेले आहे. ही वही आम्ही संगणकावर उतरवून घेतली असून आता प्रत्येक ओळीपुढे चौरस मीटरमध्ये क्षेत्र हवे आहे, कारण पाणीपट्टीची आकारणी हेक्टरवर होते आणि सातबाराशी ताळा घालायचा तर तिकडेही हेक्टर-आरच आहेत.

अडचण मजकुराच्या लिखाणाची आहे. उतरवणारी मुले तीन होती आणि तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिले आहे. एकाच रकान्यात "3-12-8", "२-०५", "1 एकर 27॥ गुंठे", "38 गुंठे", "अडीच एकर" आणि "2.3" अशा नोंदी आहेत. एकूण ओळी चारशेच्या आसपास आहेत. सर्व ओळींना लागू पडेल अशी रीत कोणी सांगू शकेल का?

अजिंक्य_द:
हे फार अवघड नाही. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. सगळ्या नोंदी आधी "एकर-गुंठे" अशा आडव्या रेघेच्या रूपात आणा आणि मग पुढचे सूत्र शेजारच्या रकान्यात टाकून खालपर्यंत ओढा.

```
=LEFT(A2,FIND("-",A2)-1)*4047+MID(A2,FIND("-",A2)+1,5)*101
```

रेघेच्या डावीकडचा आकडा एकर आणि उजवीकडचा गुंठे म्हणून घेतला जाईल. आमच्या शेतीच्या वाटणीच्या वेळी मी हेच सूत्र वापरले होते आणि काम चोख झाले होते.

शंकुसाखळी:
अजिंक्यरावांची मूळ दिशा योग्य आहे. एकर आणि गुंठे वेगळे करूनच हिशेब व्हायला हवा, रेघेच्या जागी टिंब ठेवून नव्हे. मात्र गुणक दोन घेऊ नयेत, एकच घ्यावा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो आणि १०१ ला चाळीसने गुणले तर ४०४० येतात, ४०४७ नव्हे. म्हणजे ज्याचे क्षेत्र ०-३९ आहे त्याला एका मापाने मोजले जाते आणि ज्याचे १-०० आहे त्याला दुसऱ्याच मापाने. नोंदवहीची बेरीज मग कधीच जुळत नाही.

आपल्याकडची जुनी जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. फूट ०.३०४८ मीटरचा धरला की गुंठा १०१.१७१४ चौरस मीटरचा होतो. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, सुमारे ६.३२ चौरस मीटर. तेव्हा सगळ्याचे आधी गुंठे करावेत (एकर गुणिले चाळीस, अधिक गुंठे, अधिक आणे भागिले सोळा) आणि शेवटी एकदाच १०१.१७१४ ने गुणावे.

तुमचीच पहिली नोंद घेऊ. ३-१२-८ म्हणजे १२० अधिक १२ अधिक अर्धा, असे १३२.५ गुंठे. ते १३,४०५.२१ चौरस मीटर झाले, म्हणजे सातबाराच्या भाषेत १ हेक्टर ३४ आर ५ चौरस मीटर. हीच नोंद कोणी ३.१२ एकर अशी वाचली तर १२,६२६.१९ चौरस मीटर येतात. जवळजवळ पावणेआठ गुंठ्यांचा फरक एका ओळीत पडला आणि उत्तर मात्र दिसायला इतके सरळ आहे की शंकाही येणार नाही. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतच्या चुका डोळ्यांना खुपत नाहीत, म्हणून हा घोटाळा वर्षानुवर्षे टिकून राहतो.

प्लॉटधारक_वाघोली:
चांगला विषय काढला आहे. माझा प्रश्नही हाच आहे. मी दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला, पण प्रत्यक्ष मोजला तर २००० चौरस फूटच भरला. दोन गुंठ्यांचे २१७८ चौरस फूट व्हायला हवेत ना? मग माझे १७८ चौरस फूट कुठे गेले?

शंकुसाखळी:
तुमचा प्रश्न रूपांतराचा नाही, खरेदीखताचा आहे. गुंठा १०८९ चौरस फुटांचाच असतो. अनेक ठिकाणी विकणारा अंतर्गत रस्त्याचा वाटा त्यातच धरतो आणि ताब्यात देताना हजार फुटांच्या हिशेबाने देतो. खतात चौरस मीटर किती लिहिले आहेत आणि चतु:सीमा काय दिल्या आहेत, ते पाहा. दोन गुंठ्यांचे २०२.३४ चौरस मीटर लिहिलेले असतील तर रस्त्यातील हिश्श्यासह ते आहेत की त्याखेरीज, हे खतच सांगेल. यासाठी वेगळा धागा काढलात तर अधिक चांगली उत्तरे मिळतील.

कृष्णाकाठ:
शंकुसाखळी काका, आभारी आहे. एकच गुणक घेऊन अजिंक्य यांचे सूत्र मी असे बदलले:

```
=ROUND((LEFT(A2,FIND("-",A2)-1)*40+MID(A2,FIND("-",A2)+1,5))*101.17141056,2)
```

"2-05" ला ८५९९.५७ असे बरोबर उत्तर आले. पण "3-12-8" या ओळीपुढे ४५ लाखांहून मोठा आकडा दिसतो आहे. ज्या ज्या ओळींत आणे आहेत त्या सगळ्यांचे असेच झाले आहे. काही ओळींवर तर #VALUE! एवढेच येते.

रेवती_न:
दोन्हींची कारणे वेगळी आहेत. आण्यांच्या ओळीत MID ने उजवीकडचा तुकडा म्हणून "12-8" हा मजकूर उचलला. एक्सेलला त्याची बेरीज करायला सांगितली की तो त्याला आकडा बनवायला जातो आणि "12-8" ही त्याला तारीख वाटते. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस. चालू काळातली कोणतीही तारीख पंचेचाळीस हजारांच्या पुढचा आकडा असते. तुमच्या सूत्राने तेवढे गुंठे धरले आणि १०१ ने गुणले. चूक इतकी मोठी आहे म्हणून ती दिसली, हे बरेच झाले.

#VALUE! असलेल्या ओळी नीट पाहा. तिथे बहुधा मराठी कळफलकावरून "२-०५" असे देवनागरी अंक आलेले असतील, किंवा साध्या रेघेच्या जागी आपोआप दुरुस्तीमुळे लांब रेघ आलेली असेल. ती दिसायला सारखीच असते, पण FIND ला सापडत नाही.

मात्र याहून मोठी काळजी मला वेगळ्याच ओळींची वाटते. मुलांनी "3-12" टाइप करताना रकाना आधीच Text केलेला होता का? नसेल तर एक्सेलने टाइप करतानाच त्याची तारीख करून टाकली असणार. संगणकाच्या तारखेच्या मांडणीप्रमाणे ३ डिसेंबर तरी किंवा १२ मार्च तरी. सोपी खूण अशी की, रकान्याला हाताने डावी-उजवी बाजू दिलेली नसेल तर मजकूर पेटीच्या डाव्या कडेला चिकटतो आणि तारीख किंवा आकडा उजव्या कडेला. रकाना वरपासून खालपर्यंत नुसता नजरेखालून घाला. उजवीकडे गेलेली प्रत्येक ओळ संशयित समजा.

कृष्णाकाठ:
उजवीकडे गेलेल्या ओळी बऱ्याच निघाल्या, साधारण साठ. त्यांतील काही "03-Dec" अशा आहेत आणि काही "2.3", "1.1" अशा टिंबाच्या आहेत. त्या कशा सोडवायच्या?

रेवती_न:
"03-Dec" मधून एकर आणि गुंठे परत मिळवता येतात. DAY घेतल्यास ३ आणि MONTH घेतल्यास १२ येतील. पण हे त्या संगणकावर दिवस आधी लिहिण्याची मांडणी होती असे धरून आहे. तीन मुलांनी तीन संगणकांवर काम केले असेल तर प्रत्येकाची मांडणी निराळी असू शकते. म्हणून सूत्राने परत मिळवा, पण प्रत्येक ओळ मूळ वहीशी ताडून घ्या. शिवाय ज्या नोंदींत गुंठे १२ पेक्षा जास्त आहेत त्या महिना म्हणून बसत नाहीत आणि त्यांचे काहीतरी वेगळेच झालेले असते. एकाच रकान्यात दोन-तीन प्रकारची मोडतोड दिसते ती यामुळेच.

अजिंक्य_द:
टिंबाच्या नोंदींना माझ्या मते फार विचार करण्याची गरज नाही. २.३ म्हणजे दशांश एकरच समजावेत आणि ४०४७ ने गुणावे. टिंब दिले आहे याचा अर्थच लिहिणाऱ्याने दशांश लिहिला आहे. आणि तसेही गुंठा आणि आर व्यवहारात एकच धरतात, त्यामुळे सातबाराशी मोठा फरक पडणार नाही.

शंकुसाखळी:
दोन्ही मुद्द्यांवर मला असहमती नोंदवावी लागेल.

आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. एका गुंठ्यामागे फरक थोडा वाटतो, पण दहा एकरांच्या खात्यात चारशे गुंठे असतात आणि तिथे तो ४६८ चौरस मीटर, म्हणजे साडेचार गुंठ्यांहून अधिक होतो. बोलताना गुंठ्याला आर म्हणायला हरकत नाही, पण रूपांतराच्या सूत्रात तसे चालणार नाही.

टिंबाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. आमच्या पिढीतले कित्येक कारकून आणि शेतकरी दोन एकर पाच गुंठे हे २.०५ असेच लिहीत. टिंब म्हणजे केवळ विभाजक, दशांशचिन्ह नव्हे. तेव्हा २.३ चे तीन अर्थ होऊ शकतात. कोणी दोन एकर तीन गुंठे लिहिताना शून्य गाळले असेल. कोणी "2.30" लिहिले असेल आणि एक्सेलने शेवटचे शून्य आकडा समजून टाकून दिले असेल, म्हणजे दोन एकर तीस गुंठे. किंवा खरोखरच दशांश एकर असतील, म्हणजे दोन एकर बारा गुंठे. चौरस मीटरमध्ये ही तीन उत्तरे अनुक्रमे ८३९७.२३, ११,१२८.८६ आणि ९३०७.७७ अशी आहेत. ही तफावत अंदाजाने मिटवायची नसते.

एक कसोटी मात्र हाताशी आहे. टिंबाच्या सगळ्या नोंदी एकत्र काढा आणि टिंबानंतरचे दोन अंकी आकडे पाहा. गुंठे ३९ च्या वर जाऊच शकत नाहीत, कारण चाळिसावा गुंठा आला की एकर वाढतो. ऐंशी-नव्वद नोंदींत एकदाही .४० किंवा त्याहून मोठा आकडा नसेल तर तो रकाना एकर-गुंठ्यांचा आहे असे खात्रीने धरता येईल. .६२, .८५, .९० असे आकडे मधूनमधून असतील तर ते दशांश एकर तरी आहेत किंवा हेक्टर-आर तरी.

कृष्णाकाठ:
तसे करून पाहिले. टिंबानंतरचा सर्वांत मोठा दोन अंकी आकडा .३८ आहे. म्हणजे टिंब हा विभाजकच दिसतो. पण टिंबानंतर फक्त १, २ किंवा ३ असा एकच अंक असलेल्या नोंदी आहेत, त्यांचे काय? त्या शून्य गाळलेल्या की शून्य गमावलेल्या?

रेवती_न:
बाकीच्या नोंदींत .०५, .०७ अशी आधी शून्य देऊन लिहिण्याची पद्धत दिसत असेल तर एकच अंक असलेली नोंद बहुधा .१०, .२० किंवा .३० चीच आहे, कारण आधीचे शून्य एक्सेल टाकत नाही, शेवटचे टाकते. .४ ते .९ असा एकेरी अंक कुठे आढळला तर मात्र हा तर्क कोसळतो, कारण ४० ते ९० गुंठे नसतातच. तशी एखादी नोंद आहे का?

कृष्णाकाठ:
आहे. "1.6" अशी एक आणि "0.8" अशी एक. दोन्ही एकाच मुलाने उतरवलेल्या पानांवरच्या आहेत.

रेवती_न:
मग त्या मुलाची पाने वेगळी काढा. त्याने शून्य गाळलेले आहे, तेव्हा त्याच्या .१, .२, .३ वर विश्वास ठेवता येणार नाही. बाकी दोघांच्या नोंदींना वरचा तर्क लावा.

आता सगळ्या ओळींसाठी रीत सांगते. मूळ रकान्याला हात लावू नका. शेजारी एक नवा रकाना घ्या, त्याचे स्वरूप आधी Text करा आणि त्यात प्रत्येक नोंद एकर-गुंठे-आणे या एकाच रूपात लिहा. "38 गुंठे" म्हणजे 0-38, "अडीच एकर" म्हणजे 2-20. ही शब्दांतली मापे हातानेच उतरवावीत. सव्वा एकर 1-10, पाऊण एकर 0-30, साडेतीन एकर 3-20. दहा-वीस ओळी असतील, त्यासाठी आज्ञावली लिहिण्यात अर्थ नाही. मग तो रकाना पुढच्या तुकड्यातून जाऊ द्या.

```python
import re

GUNTHA = 101.17141056
NAMUNA = re.compile(r'(\d+)\s*[-–]\s*(\d+)(?:\s*[-–]\s*(\d+))?')

def chau_mi(s):
    m = NAMUNA.fullmatch(s.strip())
    if not m:
        return None
    e, g, a = (int(x or 0) for x in m.groups())
    if g > 39 or a > 15:
        return None
    return round((e * 40 + g + a / 16) * GUNTHA, 2)
```

पायथनला देवनागरी अंक तसेच्या तसे समजतात, म्हणून "२-०५" साठी वेगळी सोय करावी लागत नाही. लांब रेघही चालते. जी नोंद साच्यात बसत नाही, किंवा जिच्यात गुंठे ३९ च्या वर अथवा आणे १५ च्या वर आहेत, तिला मुद्दाम उत्तर दिलेले नाही. रिकामी राहिलेली पेटी शोधता येते. चुकीच्या आकड्याने भरलेली पेटी शोधता येत नाही.

शंकुसाखळी:
रेवतीताईंची मांडणी मला पसंत आहे. फक्त "27॥ गुंठे" यासारख्या नोंदींबद्दल सावध करतो. जुन्या लिखाणात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. तेव्हा "१ एकर २७॥ गुंठे" हे १-२७-८ असे उतरवायचे, म्हणजे ६७.५ गुंठे, ६८२९.०७ चौरस मीटर. नव्या मुलांना ही खूण ठाऊक नसते आणि ती एकाचा आकडा समजून टाइप करतात. "२७॥" चे "2711" झाले तर ३९ ची मर्यादा ते अडवील. पण "१।" म्हणजे सव्वा गुंठा, तो "11" असा उतरला तर कोणतीही मर्यादा त्याला अडवणार नाही. अकरा गुंठे ही अगदी वैध नोंद आहे. पावणेदहा गुंठे, म्हणजे ९८६ चौरस मीटर वाढले आणि कळलेही नाही, असे होऊ शकते.

त्यावर उपाय वहीतच असतो. नीट ठेवलेल्या नोंदवहीत प्रत्येक पानाच्या तळाला पानबेरीज असते. ती एकर-गुंठ्यांत ताडून पाहा, चौरस मीटरमध्ये नाही. समजा एका पानावर ३-१२-८, १-२७-८, ०-३८ आणि २-०५ अशा चारच नोंदी आहेत. आण्यांची बेरीज सोळा, म्हणजे एक गुंठा. गुंठ्यांची बारा, सत्तावीस, अडतीस आणि पाच मिळून ब्याऐंशी, अधिक तो एक, असे त्र्याऐंशी. त्यांतून दोन एकर वर गेले, तीन गुंठे उरले. एकर सहा अधिक दोन, आठ. पानबेरीज ८-०३ असायला हवी. तळाला तेच लिहिले असेल तर पान निर्धास्तपणे पुढे पाठवावे. नसेल तर किती गुंठ्यांचा फरक आहे यावरूनच चूक कोणत्या ओळीत असेल ते बहुतेक वेळा कळते. पावणेदहाचा फरक दिसला की उभी रेघ शोधायची. तिसाच्या जागी तीन किंवा तिनाच्या जागी तीस पडले असतील तर सत्तावीस गुंठ्यांचा फरक येतो.

चौरस मीटरची बेरीज मात्र शेवटच्या पैशापर्यंत जुळेलच असे नाही. याच चार नोंदी वेगवेगळ्या रूपांतरित करून मिळवल्या तर ३२,६७८.३६ येतात आणि एकूण ३२३ गुंठे एकदम रूपांतरित केले तर ३२,६७८.३७. हा फरक पूर्णांकनाचा आहे. त्याच्या मागे लागू नये. मुळात जुनी मोजणी आण्याखाली जातच नव्हती, म्हणजे सहा चौरस मीटरच्या आतले बारकावे त्या नोंदीत नाहीतच. दोन दशांशस्थळे हिशेबाच्या सोयीसाठी ठेवावीत, अचूकतेचा पुरावा म्हणून नव्हे.

बेळगावकर:
मी बेळगाव तालुक्यातला आहे. आमच्याकडे कर्नाटकाच्या उताऱ्यावर क्षेत्र आजही एकर-गुंठे-आणे असेच येते आणि तेही टिंबांनी वेगळे केलेले. आमची काही जमीन चंदगड तालुक्यात आहे. तिथल्या सातबारावर हेक्टर-आर-चौरस मीटर असतात आणि तेही टिंबांनीच वेगळे केलेले असतात. कर्जाच्या कागदपत्रांसाठी दोन्हीकडच्या जमिनींचा तक्ता करताना दोन्हींना एकच सूत्र लावले गेले होते. "2.20.08" ही नोंद आमच्याकडची असेल तर साडेशंभर गुंठे, म्हणजे १०,१६७.७३ चौरस मीटर. तीच चंदगडची असेल तर २२,००८ चौरस मीटर. दुपटीहून अधिक फरक आहे.

तुमची वही एकाच गावची असली तरी तिच्यात नंतरच्या काळात भरलेल्या नोंदी सातबारावरून थेट हेक्टरमध्ये उतरवलेल्या असू शकतात. मधला आकडा ३९ च्या वर किंवा शेवटचा १५ च्या वर असला की ते हेक्टर आहेत हे नक्की. दोन्ही लहान असतील तर नुसत्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. मग नोंदीची तारीख किंवा शाई पाहावी लागते.

कृष्णाकाठ:
हा मुद्दा मोलाचा आहे. शेवटच्या पानांवर निळ्या बॉलपेनने भरलेल्या वीस-एक नोंदी आहेत आणि त्यांत खरोखरच "0.61.00" अशा नोंदी आहेत. त्या वेगळ्या काढल्या.

याच नोंदीवरून एक शंका. त्या सभासदाचे क्षेत्र जुन्या पानावर १-२० असे आहे. साठ गुंठ्यांचे ६०७०.२८ चौरस मीटर होतात, म्हणजे शून्य हेक्टर साठ आर सत्तर. पण नव्या पानावर आणि सातबारावर ०.६१.०० आहे. तीस चौरस मीटर वाढले कसे? आणि आम्ही कोणता आकडा धरायचा?

शंकुसाखळी:
दशमान पद्धतीचा फेरफार झाला तेव्हा अनेक गावांत क्षेत्र जवळच्या पूर्ण आरात बसवले गेले. ६०.७० आरांचे ६१ झाले, ६०.३० असते तर ६० झाले असते. वाढलेही आणि घटलेही. जमीन जागची हलली नाही, नोंद बदलली. तुमच्या रूपांतराचे उत्तर आणि सातबाराचा आकडा यांत अर्ध्या आरापर्यंत, म्हणजे पन्नास चौरस मीटरपर्यंत फरक असेल तर तो या पूर्णांकनाचा समजावा. त्याहून अधिक असेल तर कारण शोधावे. मधल्या काळात विक्री, वाटणी किंवा रस्त्यासाठी संपादन झाले आहे का, पोटखराबा एकीकडे धरला आणि दुसरीकडे वगळला आहे का, हे पाहावे.

आकारणीसाठी मी तरी सातबाराचाच आकडा धरा असे म्हणेन. आज चालणारा अभिलेख तो आहे. वहीचे रूपांतर ताळा घालण्यासाठी ठेवा.

रेवती_न:
काका, इथे माझे मत थोडे वेगळे आहे. पाणीपट्टी भिजणाऱ्या क्षेत्रावर आहे आणि सातबारा संपूर्ण गटाचे क्षेत्र दाखवतो. एखाद्याची सहा एकर जमीन असेल आणि कालव्याखाली चारच एकर येत असेल तर सातबाराचा आकडा लावून त्याच्यावर अन्याय होईल. अशा ठिकाणी वहीचेच रूपांतर धरावे लागेल.

शंकुसाखळी:
ज्यांचा पूर्ण गट भिजतो त्यांच्यापुरते माझे म्हणणे खरे आहे. अंशतः भिजणाऱ्यांसाठी तुमचे. पण वहीत तसा भेद केलेला नसेल तर तो आता नकाशावरूनच करावा लागेल आणि तो निर्णय संस्थेने घ्यायचा आहे.

जाता जाता आण्यांचा आणखी एक धोका सांगतो, कारण तो सूत्राच्या हाती लागत नाही. हिस्साही आण्यांत लिहिण्याची रीत होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण मालकी, आठ आणे म्हणजे निम्मी. दोन भावांच्या नावांपुढे एकाच गटाचे २-२० क्षेत्र आणि पुढे "८ आ." असे दिसले तर ते आठ आणे क्षेत्राचे नाहीत, हिश्श्याचे आहेत. प्रत्येकाचे क्षेत्र पन्नास गुंठे, म्हणजे ५०५८.५७ चौरस मीटर. तेच २-२०-८ असे वाचले तर प्रत्येकाला १०,१६७.७३ मिळतील आणि गट कागदावर दुप्पट होईल. एकच गट क्रमांक आणि तेच एकर-गुंठे दोन-चार नावांपुढे पुन्हा पुन्हा आले आणि त्या नावांच्या आण्यांची बेरीज बरोबर सोळा भरली की तो हिस्सा समजावा.

अजिंक्य_द:
हिश्श्याच्या आण्यांची गोष्ट आमच्या खात्यालाही लागू होते. आमच्या जुन्या फेरफारात "चार आणे" असे आहे. पण तिथे चार वारस नसून तीनच आहेत. मग बेरीज सोळा कशी भरायची?

शंकुसाखळी:
एखाद्याचे दोन वाटे एकत्र आले असतील, किंवा चौथ्याचे नाव नंतरच्या फेरफाराने कमी झाले असेल. फेरफार क्रमांकाने मागे मागे जात पाहिल्याखेरीज हे सांगता येणार नाही. आकड्यांवरून अंदाज बांधू नका.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. आजपर्यंतची स्थिती नोंदवून ठेवतो. हिश्श्याच्या आण्यांच्या सहा जोड्या सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. नवा रकाना पूर्ण भरून रेवतीताईंच्या तुकड्यातून काढला. बहुतेक पानांची पानबेरीज जुळली. दोन पानांवर फरक होता. त्यांतील एकावर "१।॥" अशी नोंद "1111" झालेली होती. ती पावणेदोन गुंठ्यांची, म्हणजे ०-०१-१२ अशी लिहिली. तिच्यासमोर उत्तर आलेच नव्हते, म्हणून लगेच सापडली. दुसऱ्या पानावर फरक बरोबर सत्तावीस गुंठ्यांचा आहे आणि त्या पानावर "2.3" आणि "4.3" अशा दोन नोंदी आहेत. दोन्ही त्याच मुलाच्या असून मूळ वहीचा तो कोपरा वाळवीने खाल्लेला आहे. दोन्हींपैकी एकीत तीन गुंठे आहेत आणि दुसरीत तीस, एवढे बेरजेवरून निश्चित होते. कोणत्या नोंदीत किती, हे मात्र कळत नाही.

बेळगावकर:
दोघांचे सातबारे काढून पाहा. २-०३ चे ८४ आर होतात आणि २-३० चे १११. ४-०३ चे १६५ आणि ४-३० चे १९२. पूर्णांकनाचा अर्धा आर इकडेतिकडे झाला तरी या जोड्यांत गोंधळ होण्याची शक्यता नाही. त्यांचे गट मधल्या काळात फुटलेले नसतील तर एका नजरेत निकाल लागेल.

कृष्णाकाठ:
एकाचा गट फुटला आहे, दुसऱ्याचा नाही. न फुटलेल्याचा सातबारा सोमवारी काढतो. त्याची नोंद ठरली की उरलेली आपोआप ठरेल.